सीएनजी की इलेक्ट्रिक रिक्षा: बॅटरी बदलायचा खर्च धरून किलोमीटरला नेमके किती पडतात?

गोरेगावचा_मीटर

मंडळी, माझ्या रिक्षाचं वय झालं, यंदा बदलावीच लागणार. परमिट माझं, चालवतो मीच, एकच पाळी. गोरेगाव, मालाड, जोगेश्वरी हा पट्टा. रोजचं रनिंग सरासरी ११० किमी आणि महिन्याला २६ दिवस गाडी रस्त्यावर, असं धरा.

शोरूमवाल्याने एका कागदावर हिशेब मांडून दिलाय. सीएनजीला किमीला २ रुपये ७० पैसे आणि इलेक्ट्रिकला पन्नास पैशांच्या आत, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर वाचले. बॅटरीचं विचारलं की एकच उत्तर, "वॉरंटी आहे ना दादा." वॉरंटी संपल्यावर काय, ते मात्र कागदावर कुठेच नाही.

माझ्याकडचे आकडे देतो. सीएनजी ८० रुपये किलो धरा. ट्रॅफिकमध्ये माझी गाडी किलोला ३० किमी देते, सकाळी लवकर निघालो तर थोडं जास्त. नवी सीएनजी रिक्षा रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाख, इलेक्ट्रिक तीन लाख पस्तीस हजार. बॅटरी ९.२ युनिटची. तीच बॅटरी आज वेगळी घ्यायची म्हटली तर सव्वा लाख सांगितले, टॅक्ससकट. वॉरंटी पाच वर्षं किंवा १ लाख २० हजार किमी, यातलं जे आधी होईल ते. सबसिडी मिळाली तर मिळाली, हिशेबात नको.

ज्यांनी गाडी खरंच चालवलीय किंवा दुरुस्त केलीय त्यांनी सांगा.

साळवी_काका

मी ८० च्या दशकात पेट्रोलवर सुरुवात केली, मग सीएनजी आला तेव्हाही लोक असेच घाबरवायचे. त्यामुळे नव्याला नावं ठेवायची म्हणून ठेवत नाहीये.

पण बॅटरीचा हिशेब सोपा आहे. तीन वर्षांत बॅटरी मान टाकते. सव्वा लाख भागिले तीन वर्षं, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसाला १३३ रुपये बाजूला टाकायला हवेत. कोण टाकतो? मुलीची फी आली, गावी पत्रे बदलायचे निघाले की तो डबा रिकामा. मग बॅटरी गेली की परत सावकार. सीएनजीला दिवसाला दोनशे नव्वद-तीनशेचा गॅस लागतो, पण तो त्याच दिवशीच्या गल्ल्यातून जातो. रात्री खिशात राहील ते आपलं.

वायरमन_भांडुप

काका, रोज बाजूला टाकायचं म्हणताय ते शंभर टक्के बरोबर. तीन वर्षांचं सरसकट बरोबर नाही. बॅटरी वर्षांनी कमी आणि किलोमीटरनी जास्त संपते, म्हणून हिशेब किलोमीटरवरच करू.

मी आधी एका कंपनीच्या ताफ्यातल्या इलेक्ट्रिक रिक्षा सांभाळायचो, आता स्वतःचं गॅरेज आहे, त्यामुळे दोन्ही गाड्यांची पोटं बघितलीत.

आधी शोरूमचा कागद. ९.२ युनिटची बॅटरी, ८ रुपये युनिट आणि १७० च्या वर किमी धरले की ४३-४४ पैसे येतात. यात तीन ठिकाणी हात आखडलाय. १७० हा चाचणीचा आकडा. तीन पॅसेंजर, फ्लायओव्हर, सिग्नलला थांब-चाल, हे सगळं धरून नवी बॅटरी पूर्ण ते शून्य साधारण १२५ किमी देते. दुसरं, सॉकेटमधून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, चार्जर गरम होतो त्यात दहा-पंधरा टक्के जातात. मीटर मात्र सॉकेटचा फिरतो. तिसरं, ८ रुपये हा दर तुमच्या बिलात शोधा, सापडला तर मला कळवा. पहिल्या दोन गोष्टी धरल्या की सॉकेटच्या एका युनिटला साडेअकरा किमी पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

११० किमीला रोज साडेनऊ युनिट, महिन्याला २५० च्या आसपास. घरात आधीच १५० युनिट जळत असतील तर बिल ४०० वर जातं. म्हणजे रिक्षाचे निम्म्याहून जास्त युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात आणि शेवटचे शंभर ३०१ च्या वरच्या टप्प्यात. वहन आकार, इंधन आकार, १६ टक्के वीज शुल्क हे सगळं त्यावर. माझ्या एका गिऱ्हाइकाची रिक्षा घेण्याआधीची आणि नंतरची बिलं समोर ठेवली तर वाढीव युनिट सरासरी ११ रुपयांना पडलं. म्हणजे किमीला ९६ पैसे. शोरूमच्या दुप्पट, पण सीएनजीच्या २ रुपये ६७ पैशांपुढे तरी खूप कमी.

आता बॅटरी. इथे लोक दोन उलट चुका करतात. काही जण बॅटरी धरतच नाहीत. काही जण पहिल्या दिवसापासून सव्वा लाखाचा भार लावतात, आणि वर गाडीची जास्तीची किंमतही लावतात. अहो, गाडी ८५ हजारांनी महाग आहे ती पहिल्या बॅटरीमुळेच. एकच गोष्ट दोनदा मोजू नका.

म्हणून सात वर्षांचा हिशेब धरू. वर्षाला साधारण ३४ हजार, सात वर्षांत २ लाख ४० हजार किमी. पहिली बॅटरी १ लाख २० हजारांपर्यंत, दुसरी उरलेल्या १ लाख २० हजारांना. जास्तीची किंमत ८५ हजार अधिक दुसरी बॅटरी सव्वा लाख, एकूण २ लाख १० हजार. भागिले २ लाख ४० हजार, म्हणजे किमीला ८८ पैसे.

दुरुस्ती. टायर, ब्रेक, सस्पेन्शन दोन्हींना सारखंच, ते सोडा. सीएनजीला ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच, केबल, टॅपेट, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. किमीला ३५ पैसे धरा. सात वर्षांत एकदा अर्धं इंजिन खोलावं लागतंच, त्याचे १० पैसे. काका, तुमच्या हिशेबात हे नव्हतं. इलेक्ट्रिकला गिअर ऑइल, वायरिंग, कधी कंट्रोलर, असे १५ पैसे.

शेवटी व्याज. हे कोणी लिहीत नाही. इलेक्ट्रिक रिक्षा ओढून नेली तर विकायची कितीला, हे फायनान्सवाल्याला ठाऊक नसतं, म्हणून तो दर चढा लावतो. सीएनजीला २ लाख २० हजार कर्ज, १२ टक्के, चार वर्षं, व्याज ५८ हजार. इलेक्ट्रिकला ३ लाख, १६ टक्के, चार वर्षं, व्याज १ लाख ८ हजार. फरक ५० हजार, किमीला २१ पैसे.

बेरीज अशी:

सीएनजी: २.६७ + ०.३५ + ०.१० = ३.१२ रुपये
इलेक्ट्रिक, घरच्या मीटरवर: ०.९६ + ०.८८ + ०.१५ + ०.२१ = २.२० रुपये

किमीला ९२ पैसे वाचतात. दिवसाला शंभर रुपये. महिन्याला सहा हजार नाही, सव्वीसशे.

गोरेगावचा_मीटर

वायरमनदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. सव्वीसशेही कमी नाहीत.

पण घरचं मीटर हीच गोची. मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि रिक्षा रात्री रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशी. खिडकीतून वायर सोडणारे आमच्याकडे दोघं आहेत, पण बघूनच भीती वाटते. पब्लिक चार्जिंगवर काय पडेल?

मीरा_चुनाभट्टी

आमच्या सोसायटीतही हाच वाद चालू आहे. मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर सेक्रेटरी म्हणतात कॉमन मीटरवरून चार्जिंग नको, स्वतःच्या मीटरवरून केबल आणा, आणि केबल आणायला परवानगी देत नाहीत. आमची इमारत सात मजली आहे. तुम्ही सोसायटीला अर्ज कसा केला ते सांगाल का? नमुना असेल तर इथे टाका.

साकीनाका_लाइन

मीराताई, इथे रिक्षाचं चाललंय आणि त्या भावाला सोसायटीच नाहीये. काही स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते, तुमची तशी असेल तर न्या.

वायरमन_भांडुप

मीराताई, स्कूटरचा वेगळा धागा काढा, तिथे उत्तर देतो. कारण स्कूटर महिन्याला २०-२५ युनिट खाते, तिथे दरावर फार काही अवलंबून नसतं. रिक्षा अडीचशे खाते.

गोरेगावदादा, आधी खिडकीच्या वायरीबद्दल. रिक्षाचा चार्जर तीन-चार तास सलग मोठा करंट ओढतो. घरातली साधी एक्स्टेन्शन त्यासाठी नसते. ती गुंडाळी करून ठेवली तर आतून वितळते, आणि अर्थिंग नसलं तर गाडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. हवं ते हे: मीटरपासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आरसीसीबी, १६ अँपिअरचं झाकणवालं सॉकेट, आणि मंजूर भार कमी असेल तर वाढवून घेणं. खालच्या दुकानदाराशी ठरवून सबमीटर लावणारे आहेत. पण दुकानाचा दर घरगुती नसतो, ते आधी विचारा.

आता पब्लिक चार्जिंग. जीएसटी धरून युनिटला २० रुपये लागले तर किमीला १ रुपया ७४ पैसे. बाकी १ रुपया २४ तेच. एकूण २ रुपये ९८. सीएनजीपेक्षा १४ पैसे कमी, दिवसाला पंधरा रुपये. २४ रुपयांचा चार्जर मिळाला तर ३ रुपये ३३, म्हणजे सीएनजी स्वस्त.

आणि हे वेळेची किंमत न धरता. अडीच-तीन तास तिथे गाडी उभी असते.

साळवी_काका

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

वायरमन_भांडुप

अर्धं, काका. बॅटरीमुळे नाही, सॉकेटमुळे.

साकीनाका_लाइन

वेळेचा मुद्दा सीएनजीलाही लावा की. पंपावर पाऊण-पाऊण तास रांग असते, प्रेशर नसलं की टाकी अर्धीच भरते, परत दुपारी रांग. २०२५ च्या नोव्हेंबरात मुख्य वाहिनी बिघडली तेव्हा दोन-तीन दिवस गॅससाठी काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. हिशेबात हे कुठे बसवायचं?

वायरमन_भांडुप

बसवा, हरकत नाही. मी दोन्हीकडचा वेळ सोडलाय कारण तो माणसागणिक बदलतो. कुणी रांगेत डबा खातो, कुणाचं त्याच वेळी स्टेशनचं भाडं बुडतं.

अनिकेत_पार्कसाइट

एक शंका. पूर्ण बॅटरी कशाला बदलायची? आत सेलच असतात. चार-पाच खराब सेल बदलले की काम झालं, आमच्याकडे एक जण वीस-पंचवीस हजारांत करून देतो. मग ८८ पैशांचे पन्नास होतील ना?

वायरमन_भांडुप

एखादा सेल कारखान्यातूनच कमजोर आला असेल आणि बाकी पॅक तरुण असेल तर हा उपाय चालतो. लाखभर किमी झालेल्या पॅकमध्ये नवे सेल घातले तर काय होतं ते ऐका. सेल एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तोच करंट जातो. नवा सेल अजून भरलेला असतो तेव्हा जुना रिकामा झालेला असतो, आणि जो पहिला रिकामा होतो त्याच्यापाशी बॅटरीवर नजर ठेवणारा बीएमएस गाडी थांबवतो. म्हणजे पॅक सर्वात म्हाताऱ्या सेलइतकाच चालतो. पाच बदलले तर सहा महिन्यांनी पुढचे पाच. शिवाय वॉरंटीत असताना सील तोडलं तर ती संपली, आणि काही पॅकमध्ये बीएमएस लॉक होतो तो कंपनीशिवाय उघडत नाही.

संपूर्ण पॅक एका जातीच्या नव्या सेलने भरून देणारे आहेत, ते स्वस्त पडतं. पण सेल नवे की कुठून काढलेले हे तुम्हाला कसं कळणार? मला गॅरेजवाला असून दर वेळी कळत नाही. म्हणून मी हिशेबात सव्वा लाखच धरतो.

आणखी एक. बॅटरी गाडीच्या पोटात येते तेव्हा पूर्ण गाडीवर ५ टक्के जीएसटी. तीच सुटी घेतली की १८. भाव खाली आले तरी हा फरक राहतो. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये सीएनजी तीनचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे सीएनजी गाडी स्वस्त झाली आणि दोन्हींच्या किमतीतली दरी रुंदावली. २०२४ मधले जुने हिशेब फिरतायत त्यात हे नाही.

गोरेगावचा_मीटर

खाली चक्कीवाल्याशी बोललो. तो सबमीटर लावून द्यायला तयार आहे, पण युनिटला १४ रुपये म्हणतोय.

दुसरा प्रश्न. नवी गाडीच १२५ देते म्हणता, मला लागतात ११०. बॅटरी थकली की काय? ८० टक्के झाली की बदलायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

वायरमन_भांडुप

१४ रुपये म्हणजे किमीला १ रुपया २२. एकूण २ रुपये ४६. अजूनही ६६ पैसे वाचतात, दिवसाला बहात्तर-त्र्याहत्तर. चक्कीवाल्याचा स्वतःचा दर काय आहे ते बघून थोडं घासाघीस करा.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि तोच शोरूममध्ये कुणी विचारत नाही. ८० टक्के ही कंपनीची रेघ आहे. तुमची रेघ तुमचं रनिंग ठरवतं.

१२५ मधले शेवटचे दहा टक्के कुणी वापरत नाही, कारण १० टक्क्यांखाली गाडी मंदावते आणि अंधेरी पुलावर पॅसेंजरसकट अडकायची हौस कुणाला नसते. म्हणजे नव्या गाडीत कामाचे ११२ किमी. तुमचे ११० जेमतेम बसतात. बॅटरी ९० टक्क्यांवर आली की कामाचे १०१. तेव्हा कंपनीच्या लेखी बॅटरी ठणठणीत असते, वॉरंटीत काही बसत नाही, आणि तुम्हाला मात्र रोज दुपारी कुठेतरी तार लावावी लागते. ८० टक्क्यांवर फक्त ९०. उरलेले वीस किमी म्हणजे रोज पावणेदोन युनिट बाहेर, पाऊण तास उभं राहणं. पैसे फार नाहीत, चाळीसेक रुपये. पण तो पाऊण तास संध्याकाळचा असेल तर दोन-तीन भाडी गेली.

तुमच्या वॉरंटीचं पण बघा. पाच वर्षं लिहिलंय, पण वर्षाला ३४ हजार चालवणाऱ्याची १ लाख २० हजार साडेतीन वर्षांतच होतात. साळवीकाकांचं तीन वर्षं आलं ते इथूनच असावं. वॉरंटी संपते, त्या दिवशी बॅटरी मरत नाही. आणि वॉरंटी कशाला आहे तेही वाचा. किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार, नवी देणार की दुरुस्त केलेली, पाणी शिरलं तर काय. आपल्याकडे सबवेत गुडघाभर पाणी भरतं, हा शेवटचा मुद्दा वाचल्याशिवाय सही करू नका.

म्हणून तुम्हाला १२ युनिटच्या बॅटरीची गाडी विचारा. साधारण ५५-६० हजार जास्त पडतील. ती नवी असताना १६० च्या वर देते, आणि ८० टक्क्यांवर आली तरी कामाचे ११७ उरतात. म्हणजे तुमचं ११० चं रनिंग म्हाताऱ्या बॅटरीवरही होतं. ती रोज पूर्ण रिकामीही होत नाही, त्यामुळे थकतेही सावकाश. सात वर्षं बॅटरी न बदलता निघाली तर जास्तीच्या किमतीचे १ लाख ४२ हजार भागिले २ लाख ४० हजार, किमीला ५९ पैसे. छोट्या बॅटरीचे ८८ होते. वाढीव कर्जाचं व्याज ८-१० पैसे घाला, तरी कमीच.

साळवी_काका

निघाली तर.

वायरमन_भांडुप

हो काका, निघाली तर. ही गाडी इथे सात वर्षं जुनी झालेली कुणीच पाहिलेली नाही, मीही नाही. मध्येच गेली तर नवी दीड लाखाच्या वर जाईल आणि माझा ५९ पैशांचा आकडा कोसळेल. उन्हात तापलेली गाडी लगेच चार्जला लावणारे बॅटरीची वाट लावतात, तेवढं टाळा, अर्धा तास थंड होऊ द्या. बाकी नशीब.

साकीनाका_लाइन

माझ्या दोन रिक्षा आहेत, दोन्ही भाड्याने देतो. दोन्ही दोन पाळ्यांत पळतात, दिवसरात्र मिळून १८०-२०० किमी. तुमचा हिशेब मला कसा लागू होतो? इंधन ड्रायव्हरचं असतं. इलेक्ट्रिक घेतली तर इंधनात वाचणारे पैसे त्याच्या खिशात आणि सव्वा लाखाची बॅटरी माझ्या बोकांडी.

वायरमन_भांडुप

अगदी बरोबर पकडलंत. ३ रुपये १२ विरुद्ध २ रुपये २० हा हिशेब मालक आणि ड्रायव्हर एकच असेल तरच खरा. तुमच्याकडे ड्रायव्हरचा फायदा किमीला १ रुपया ७१ (२.६७ वजा ०.९६), आणि तुमच्या डोक्यावर बॅटरी आणि व्याजाचे १ रुपया ९ पैसे वाढले. ऑइल-इंजिनचे ३० पैसे तुमचे वाचले. म्हणजे किमीला ऐंशी पैसे तुम्ही जास्त सोसता. १०० किमीच्या पाळीला ८० रुपये भाडं वाढवलं तर तुम्ही जिथे होतात तिथेच, आणि ड्रायव्हर तरी नव्वद रुपये पुढे.

पण दोन पाळ्यांत गाडी चार्ज कधी करणार, हा तुमचा खरा अडथळा. दिवसाच्या ड्रायव्हरने ५ टक्क्यांवर आणून दिली तर रात्रीचा काय ढकलणार?

साकीनाका_लाइन

८० वाढवायला गेलो तर ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडे जाईल. आमच्या लाइनीला शंभर गाड्या उभ्या आहेत. बॅटरी भाड्याने, दोन मिनिटांत बदलून देणारे येतात म्हणे, ते कुणी वापरलंय का?

अनिकेत_पार्कसाइट

माझा चुलत भाऊ वापरायचा. बॅटरीची काळजी नाही हे खरं, पण पैसे वापरावर जातात आणि स्टेशन घाटकोपरला, भाडं मिळालं पवईचं. रिकामं जायचं-यायचं. दर नीट आठवत नाही, त्याला विचारून सांगतो.

गोरेगावचा_मीटर

आमच्या इथे एक जण इलेक्ट्रिक विकतोय. अडीच वर्षं जुनी, ९० हजार किमी, दीड लाख सांगतो. स्क्रीनवर १०० टक्के चार्जला ११८ किमी दाखवतेय. घ्यावी का?

वायरमन_भांडुप

स्क्रीनवरचे किमी हा अंदाज असतो, कालची गाडी रिकामी आणि सपाटीवर चालली असेल तरी फुगतो. हिशेब करा: नवी ३ लाख ३५ हजार. ९० हजार किमीनंतर ही बॅटरी लवकरच बदलायची आहे असंच धरा. दीड लाख अधिक सव्वा लाख, पावणेतीन लाख. वॉरंटी उरलेली ३० हजार किमी, तीही दुसऱ्या मालकाच्या नावावर चढते का ते कंपनीला विचारून.

तरी घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला म्हणा, गाडी एक रात्र माझ्याकडे ठेव. सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये लावायचा युनिट मोजणारा छोटा मीटर मिळतो, हजाराच्या आत. गाडी चालवून १० टक्क्यांवर आणा, मग १०० पर्यंत भरा, मध्ये थांबवू नका. ९.२ ची नवी बॅटरी यात सॉकेटमधून साडेनऊ-पावणेदहा युनिट घेते. साडेआठच्या पुढे घेतले तर ठीक. साडेसातच्या आसपास आले तर ती ७८-८० वर आलीय, भाव पाडून मागा. त्याच्याही खाली असेल तर चहा पिऊन घरी या.

दोनदा करा. या जातीच्या बॅटरीत टक्क्यांचा काटा चुकतो, खास करून मालकाने कित्येक दिवस पूर्ण चार्ज केली नसेल तर. आणि चालवताना लक्ष ठेवा: १०० ते ४० हळूहळू उतरली आणि ३० वरून एकदम १२ वर आली, तर आत एखादा सेल गेलाय. युनिट बरे आले तरी मग घेऊ नका.

गोरेगावचा_मीटर

मीटर आजच मागवतो. विक्रेत्याला विचारलं, एक रात्र गाडी द्यायला तयार नाही म्हणाला, दोन तास देतो म्हणाला.

साळवी_काका

मग उत्तर मिळालंच तुला.

वायरमन_भांडुप

दोन तासांत १० वरून १०० होत नाही. ५० वरून ८० पर्यंतचे युनिट मोजून ते तिप्पट करा असं सांगणारे भेटतील, ऐकू नका, मधल्या टप्प्यात काटा सगळ्यात जास्त चुकतो. चक्कीवाल्याकडे रात्री लावू, वीज मी भरतो असं सांगून बघा.